धागा: स्क्वॉटच्या फोटोत नेमकं काय चुकतंय? टाच, गुडघा की पाठ?

मंगळवारपेठी
नमस्कार मंडळी. वय २६, वजन ७२ किलो. घराजवळच्या जिममध्ये वर्षभर व्यायाम करतोय. मागच्या महिन्यापासून स्क्वॉट ७० किलोवर अडकलाय, पाच रेप कसेबसे होतात. शिवाय दुसऱ्या दिवशी डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, जिना उतरताना जास्त. मित्राने शेवटच्या सेटमध्ये फोटो काढला, तो खाली टाकलाय. जिममधला एकजण म्हणतो पाठ वाकतेय, दुसरा म्हणतो गुडघे पुढं जातायत, तिसरा म्हणतो अजून खाली बस. तिघांचं ऐकून तीन दिवस तीन प्रकारे स्क्वॉट मारले आणि गोंधळ आणखी वाढला. फोटो बघून सांगा, नेमकं काय चुकतंय आणि आधी काय सुधारू?

बिनधास्त_बाजी
भावा, फोटो बघताक्षणी कळतंय. गुडघे अंगठ्याच्या पुढं गेलेत. सगळा भार गुडघ्यावर येतोय, मग दुखणार नाही तर काय? ढुंगण मागं टाक, खुर्चीवर बसल्यासारखं, आणि गुडघा बोटांच्या पुढं जाऊच देऊ नकोस. मला माझ्या पहिल्या ट्रेनरनं हेच शिकवलं. आणि कंबरेला पट्टा बांध, पाठ सरळ राहील.

लाल_माती
पोरा, तालमीत आमचं सगळं आयुष्य बैठका मारण्यात गेलं. बैठकीत टाच उचलतीच आणि गुडघा पुढं जातोच. गंगावेशीला काय, मोतीबागेत काय, कुणाला विचार. वस्तादांनी कधी टाच टेकवा म्हणून सांगितलं नाही. गुडघे कुणाचे गेले न्हाईत. तुझं दुखणं मेहनत कमी आणि वजन जास्त म्हणून असंल. बार ठेव बाजूला आणि रोज बैठका मार.

लोखंड_आणि_खडू
मी गेली बरीच वर्षं मुलामुलींना वजन उचलायला शिकवते. सगळ्यात आधी सांगते, या फोटोवरून वरच्या तीनपैकी एकही निदान खात्रीनं करता येत नाही.

फोटो समोरून तिरका काढलाय आणि मित्र उभा आहे, म्हणजे कॅमेरा तुमच्या खांद्याच्याही वर. तिरक्या फोटोत जवळचा गुडघा मोठा आणि जास्त पुढं दिसतो, पाठीचा कल खरा किती ते कळत नाही, आणि खुबा गुडघ्याच्या खाली गेला की नाही हेही फसवं दिसतं. मागचं पाऊल तर पुढच्या पावलाआड झाकलं गेलंय. शर्ट इतका सैल आहे की कंबरेचा बाक कापडाचा की कण्याचा, ते मला सांगता येणार नाही.

खात्रीनं दोनच गोष्टी दिसतात. मान मागं टाकून तुम्ही छताकडं बघताय, आणि पायात पळायचे जाड फोमचे बूट आहेत. फोम वजनाखाली दबतो, आणि एकसारखा दबेलच असं नाही. त्यामुळं पावलाखालची जमीनच डळमळते. बूट काढा, सपाट तळव्याचे घाला. नजर समोरच्या जमिनीवर साधारण दोन मीटरवर ठेवा.

बाजीदादा, गुडघ्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गुडघा पुढं गेला की गुडघ्यावरचा भार वाढतो, हे खरं. पण २००३ मध्ये अमेरिकेत हेच मोजून पाहिलं होतं. गुडघ्यापुढं फळी लावून तो अडवला, तेव्हा गुडघ्यावरचा भार थोडा कमी झाला, पण धड जास्त पुढं झुकलं आणि खुब्यावरचा भार कितीतरी पटीनं वाढला. भार नाहीसा होत नाही, एका सांध्यावरून दुसऱ्यावर सरकतो. ज्याच्या मांडीचं हाड लांब आहे त्याचा गुडघा पुढं जाणारच, नाहीतर तो मागं पडेल. म्हणून गुडघा अंगठ्याच्या पुढं आहे का, यापेक्षा बार कुठल्या जागेवर उभा आहे ते आधी बघायचं. पट्टा चुकीची हालचाल बरोबर करत नाही. आधीच नीट होत असलेल्या उचलीला तो आधार देतो, एवढंच.

आता पुन्हा चित्रण करा. फोटो नको, व्हिडिओ घ्या आणि सगळ्यात खालच्या क्षणी थांबवून चित्र काढा, कारण फोटो काढणारा नेमका तो क्षण पकडू शकत नाही. फोन खुब्याच्या उंचीवर, बेंचवर टेकवून, साधारण तीन मीटर लांब. बरोब्बर बाजूनं. फोनची रुंद दाखवणारी लेन्स वापरू नका, तिच्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात. रॅकचा उभा खांब चौकटीत घ्या. तो स्क्रीनच्या कडेला समांतर दिसला तरच फोन सरळ आहे. शर्ट आत खोचा. उजवी बाजू, डावी बाजू आणि मागून, असे तीन. प्रत्येक जागेवरून रिकाम्या बारवर एक सेट आणि ६० किलोवर एक सेट. ७० नको.

अनघा_क
छान चर्चा चाललीय म्हणून विचारते. माझ्या आईचं वय ६१, दोन्ही गुडघे दुखतात, डॉक्टरांनी झीज सांगितलीय. तिला खाली बसायला मना केलंय. पण इथं तर सगळे खोल बसा म्हणताहेत. तिनं स्क्वॉट सुरू करावा का? तिचाही फोटो काढून टाकू का?

लोखंड_आणि_खडू
अनघाताई, इथं खोल बसा असं मी तरी म्हटलेलं नाही. काकूंचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे आणि फोटोवरून तो कुणीच सोडवू नये. त्यांना ज्यांनी तपासलंय त्यांनाच विचारा की उंच खुर्चीवरून हाताचा आधार घेऊन उठ-बस चालेल का. वेगळा धागा काढा, तिथं फिजिओ मंडळीही लिहितील.

मंगळवारपेठी
ताई, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. मित्र नव्हता म्हणून फोनचा पुढचा कॅमेरा लावला, म्हणजे चौकटीत येतोय का ते मला दिसत होतं. तीनही बाजूंची चित्रं टाकलीत. मला जे दिसलं ते असं: रिकाम्या बारवर सगळं ठीक वाटतं. ६० किलोवर तिसऱ्या रेपपासून, मागून बघितलं की कंबर डावीकडं सरकते आणि उजवी टाच उचलल्यासारखी दिसते. पण दुखतो डावा गुडघा! हे कसं काय?

लोखंड_आणि_खडू
मागच्या चित्रात तुमच्या टी-शर्टच्या पाठीवरची अक्षरं बघा. उलटी आहेत. पुढच्या कॅमेऱ्यानं चित्र आरशासारखं फिरवून ठेवलंय. म्हणजे उचलली जाते ती डावी टाच, आणि कंबर सरकते ती उजवीकडं. आता दुखणाऱ्या गुडघ्याशी जुळतंय. असं खूपजणांचं होतं, आणि मग चांगल्या पायावर महिनोन्‌महिने मेहनत होते. चित्रात कायम एखादी ओळखीची खूण ठेवत जा, अक्षरं असलेला शर्ट किंवा एका मनगटाला दोरा.

आता उजव्या बाजूचं चित्र. बारच्या टोकाच्या मध्यावर एखाद्या कार्डाची कड उभी धरा. ती खाली जमिनीला मिळते कुठं? तुमची रेघ बुटाच्या नाडीच्या गाठीपुढं, जवळजवळ बोटांच्या सांध्यावर येते. ती नाडीच्या मध्याखाली, म्हणजे पावलाच्या मध्यावर यायला हवी. रिकाम्या बारवर हीच रेघ बरोबर मध्यावर आहे. वजन वाढलं की तुम्ही चवड्यावर जाताय.

डाव्या बाजूनं तेच दिसतं, फक्त जास्त स्पष्ट. तिसऱ्या रेपला खाली पोचताना बुटाची टाच आणि फरशी यांच्यामध्ये काळी फट दिसते, बोटभर. पहिल्या दोन रेपला ती नाही. उजव्या पावलाला पाचव्या रेपपर्यंत नाही.

पाठ मात्र मला ठीक वाटते. धड पुढं झुकलंय, पण कंबरेपासून खांद्यापर्यंतची रेघ सलग आहे. झुकणं आणि वाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब मांडीच्या माणसाला झुकावंच लागतं. अगदी तळाला माकडहाड किंचित आत वळतं, तेवढं बहुतेकांचं वळतं. ते रिकाम्या बारपेक्षा ६० ला खूप वाढलं असतं तर मी खोली कमी करायला सांगितली असती.

तर प्रश्न एवढाच उरतो, की डावी टाच का उचलते. घोटा अडतोय की नुसतं वजन जड होतंय?

सांधा_आणि_स्नायू
मी फिजिओथेरपिस्ट आहे. घोटा अडतोय का हे घरी बघता येईल. अनवाणी भिंतीसमोर एक पाय पुढं ठेवून उभे राहा. टाच जमिनीला घट्ट ठेवून गुडघा सरळ पुढं, पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागं घ्या आणि पुन्हा करा. टाच न उचलता गुडघा जिथं शेवटचा टेकतो, तिथं अंगठा ते भिंत अंतर पट्टीनं मोजा. दोन्ही पायांचं. १० सेंटिमीटरच्या आसपास असलं तर सहसा अडचण येत नाही. त्याहून महत्त्वाचा आहे तो दोन पायांमधला फरक.

आणि ताण कुठं जाणवतो तेही लिहा. मागं पोटरीत ओढ बसते, की पुढं घोट्याच्या घडीत काहीतरी चिमटल्यासारखं होतं? दोन्हीचे उपाय वेगळे.

गुडघ्याबद्दल: फोटोवरून मी दुखण्याचं नाव सांगणार नाही. गुडघ्याला सूज येते का, मध्येच अडकतो का, चालताना दगा देतो का? यातलं एकही असेल तर व्यायाम थांबवून आधी दाखवून घ्या.

मंगळवारपेठी
सूज, अडकणं, दगा देणं काही नाही. मोजलं: उजवा ११, डावा ६. ओढ पोटरीतच आहे, पुढं चिमटत नाही. आता आठवलं, कॉलेजात असताना पेठेच्या संघातून फुटबॉल खेळायचो, तेव्हा डावा घोटा जबर मुरगळला होता. सूज उतरली तशी लगेच पुढची मॅच खेळलो. नंतर कधी त्रास नव्हता, म्हणून डोक्यातच आलं नाही.

बिनधास्त_बाजी
मग सोपं आहे की! डाव्या टाचेखाली सव्वा किलोची प्लेट ठेव. उजवा तर चांगलाच आहे. दोन्ही बाजू सारख्या होतील.

लोखंड_आणि_खडू
नाही बाजीदादा, एका टाचेखाली काहीही ठेवू नका. तसं केलं की एक पाय लांब केल्यासारखं होतं. खुबा तिरका होतो आणि त्याच्यावर ६० किलो बसतात. टाच उचलायची तर दोन्ही सारखी. आणि प्लेट हातात डंबेल धरून मारायच्या स्क्वॉटपुरती ठीक, पाठीवर बार असताना नाही. ती सरकते, आणि पाऊल अर्धं प्लेटवर अर्धं फरशीवर राहतं. दोन्ही टाचा मावतील अशी एकसंध लाकडी उतरती फळी सुतार करून देतो, किंवा वेटलिफ्टिंगचे बूट मिळतात, त्यांची टाच साधारण दोन सेंटिमीटर उंच आणि कडक असते. टाच वर गेली की घोट्याला तेवढं कमी वाकावं लागतं. दुरुस्ती होईपर्यंत हा आधार घ्यायला काहीच हरकत नाही. काहीजण तो कायम वापरतात आणि तेही चालतं.

पेठी, आता तुम्ही काय करायचं ते लिहिते.

बार ४० किलोवर आणा. ५० वर नको. टाच उचलायच्या बरंच आधी थांबायचंय, उचलायच्या काठावर नाही. खाली जाताना मनात तीन मोजत जा, तळाला एक सेकंद थांबा, मग उठा. हळू गेलं की भार चवड्याकडं सरकायला लागल्याचं तळव्याला कळतं. घाईत ते कळतच नाही. पावलाचे तीन ठिपके जमिनीला दाबून ठेवायचे: अंगठ्याचा गड्डा, करंगळीचा गड्डा आणि टाच. यातला कुठलाही सुटला की तो रेप तिथंच खोलीला थांबवायचा, मांडी समांतर झाली नसली तरी. पाच-पाचचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या दिवशी बार नाही, छातीशी १६ किलोचा डंबेल धरून फळीवर स्क्वॉट. डंबेल पुढं असल्यामुळं तोल मागं टाचेवर राहतो आणि खाली बसायची सवय लागते.

रॅकच्या आडव्या दांड्या आताच नीट लावा. रिकाम्या बारनं तुमच्या सगळ्यात खालच्या जागेला जा, मित्राला सांगा की दांड्या बारच्या दोन-तीन बोटं खाली येतील अशा भोकात घाल. रेप अडला तर बार तिथं टेकवून पुढून बाहेर पडायचं. पुढं वाकून, टाच सोडून तो रेप पूर्ण करायला जाऊ नका. तुमच्या फोटोत दांड्या पार खाली गुडघ्याच्याही खाली आहेत, त्यांचा काहीच उपयोग नाही.

आणि आपल्याकडं छोट्या जिममधले सगळेच बार २० किलोचे नसतात. एकदा काट्यावर टाकून बघा, नाहीतर तुमचे ४० आणि माझे ४० वेगळे होतील.

सांधा_आणि_स्नायू
घोट्यासाठी: भिंतीची तीच चाचणी व्यायाम म्हणून करा. डाव्या पायानं १०-१२ वेळा, दिवसातून दोनदा, गुडघा टेकवून दोन-तीन सेकंद थांबायचं. शिवाय पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच हळूहळू पूर्ण खाली सोडायची, मग वर. हेही सावकाश. नुसतं ताणण्यापेक्षा वजन घेऊन पूर्ण खालपर्यंत जाणं पोटरीला जास्त उपयोगी पडतं, असं माझ्याकडं येणाऱ्यांत मी पाहतो. जुन्या मुरगळीचा घोटा आठवड्यात मोकळा होत नाही, धीर धरा.

दुखण्यासाठी साधा हिशोब ठेवा. व्यायाम करताना थोडं जाणवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच असलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी वाढलेलं असलं तर वजन किंवा खोली, दोन्हींपैकी एक कमी करा.

लाल_माती
सगळं वाचलं. पण माझा प्रश्न तसाच राहिला. हजारो पैलवानांनी टाच उचलून बैठका मारल्या, खासबागेच्या मैदानात कुस्त्या केल्या. मग टाच उचलणं चूक कसं?

लोखंड_आणि_खडू
मामा, बैठकीत टाच उचलणं चूक नाहीच. बैठकीत पैलवान जाणूनबुजून चवड्यावर जातो. दोन्ही टाचा एकदम उठतात, हात मागून पुढं येऊन तोल सांभाळतात, आणि अंगावर स्वतःच्या वजनाशिवाय काही नसतं. शिवाय ती पोरं लहानपणापासून हळूहळू वाढवत तिथं पोचलेली असतात. इथं पाठीवर बार आहे, हात बारला अडकलेत, आणि एकच टाच उठतेय तीही नकळत, तिसऱ्या रेपला. बार पुढं गेला तर सावरायला काही उरत नाही. बैठकीत गुडघा पुढं गेला म्हणून बिघडत नाही, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि बाजीदादांना मी तेच सांगत होते.

लाल_माती
हे पटलं. तरी रोज थोड्या बैठका पोरानं माराव्यात असंच माझं मत. घोटा आपोआप सुटंल.

सांधा_आणि_स्नायू
मामा, त्याबद्दल मला शंका आहे. बैठकीत टाच उठल्यामुळं घोट्याला टाच टेकवून वाकायची वेळच येत नाही, त्यामुळं याच कामाला तिचा उपयोग कमी होईल. आणि वाटीखाली दुखत असताना रोज शेकडो बैठका मी तरी सांगणार नाही. दुखणं बसल्यावर खुशाल माराव्यात.

मंगळवारपेठी
महिनाभर सांगितल्याप्रमाणे केलं, म्हणून पुन्हा लिहितोय. भिंतीची चाचणी: डावा आता ८, उजवा ११ च. जिममधला बार काट्यावर १५ किलोचा निघाला, म्हणजे माझे ७० खरं तर ६५ होते. ४० वर दोन्ही टाचा पाचही रेप खाली राहतात, बारची रेघ नाडीवर येते. काल ५५ करून बघितले. चौथ्या रेपला डावी टाच परत उठली, चित्र टाकलंय (या वेळी मागच्या कॅमेऱ्यानं, अक्षरं सुलटी आहेत). कंबरही उजवीकडं थोडी सरकतेच. गुडघा जिममध्ये दुखत नाही, पण रविवारी जोतिबाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा जाणवला. वेटलिफ्टिंगचे बूट घेऊन वजन वाढवू का, घोटा सुटेपर्यंत ४० वरच थांबू?

लोखंड_आणि_खडू
चित्र बघितलं. चौथ्या रेपची फट आधीपेक्षा कमी आहे, पण आहे. ५५ सोडा. ४५ वर या, आणि तिथं दोन आठवडे पाचही रेप स्वच्छ आले की अडीच किलो वाढवा. मी असते तर बूट घेतले असते, पण आठवड्यातला एक दिवस सपाट तळव्यानं ठेवला असता, म्हणजे घोटा किती सुटला ते कळत राहतं. कंबर सरकणं घोट्यामुळंच आहे की खुब्याचं वेगळं काही आहे, ते अजून सांगता येत नाही. बूट घालून, दोन्ही टाचा वर असताना मागून व्हिडिओ घ्या. तेव्हा सरकणं थांबलं तर कारण घोटा. तरीही सरकत राहिली तर खुब्याकडं बघावं लागेल.

सांधा_आणि_स्नायू
बुटांबद्दल माझं मत थोडं वेगळं. टाच उंच केली की गुडघा आणखी पुढं जातो आणि वाटीखालच्या भागावर ताण वाढतो. पायऱ्या उतरताना अजून जाणवतंय, म्हणून मी अजून काही आठवडे सपाटच ठेवले असते, खोली थोडी कमी करून. एकदा प्रत्यक्ष कुणाला तरी गुडघा दाखवाच. हात लावून तपासल्याशिवाय यापुढं सांगणं बरोबर नाही.

लोखंड_आणि_खडू
गुडघा दाखवायच्या बाबतीत पूर्ण सहमत. बूट तोवर थांबू शकतात. पण फळीवरचा एकच सेट, रिकाम्या बारनं, मागून चित्रण करून टाका. त्याला वजन लागत नाही आणि कंबरेचा प्रश्न तेवढ्यानं सुटू शकतो.

मंगळवारपेठी
फळी सुताराकडं सांगितलीय, शनिवारी मिळेल. गुडघ्यासाठी सोमवारची वेळ घेतलीय. दोन्ही झालं की इथंच टाकतो.